मोघम नोटिशीने बोनसचा वाद टळत नाही

“बोनसच्या नोटिशीत आकडा, महिना, अटी काही लिहू नका. ‘दिवाळीला एक पगार, व्यवस्थापनाच्या मर्जीनुसार’ एवढंच लिहा, कोणी वाद घालू शकत नाही. वाटपाच्या दिवशी जो कामावर नाही त्याला काही देणं लागत नाही.”

हा फॉरवर्ड माझ्या मेहुण्याने जसाच्या तसा नोटीस बोर्डावर चढवला. भोसरीत त्याचं सव्वीस माणसांचं वर्कशॉप आहे. फोनवर म्हणाला, “भाऊजी, झकास सुटसुटीत आहे.” सुटसुटीत कसलं, डोंबल!

शेवटचं वाक्य सगळ्यात घातक. १९६५ च्या बोनस कायद्यात आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या वेतन संहितेतही नियम तोच आहे: पगारमर्यादेत बसणाऱ्याने हिशेबाच्या वर्षात ३० दिवस काम केलं की किमान ८.३३ टक्के त्याचे. अफरातफर, चोरी, मारामारी अशा कारणांनी बडतर्फ झालेल्याचा हक्क जातो, राजीनामा देणाऱ्याचा नाही. त्याचा टर्नर डिसेंबरअखेर सोडून गेला. मूळ पगार अधिक महागाई भत्ता १२,००० (किमान वेतनही तेवढंच धरू), नऊ महिन्यांचे १,०८,०००. म्हणजे सुमारे ९,००० रुपये त्याला द्यावेच लागतील, दिवाळीत तो कुठेही असो.

आता ‘एक पगार’. कुठला? त्याच टर्नरच्या जोडीदाराच्या हातात भत्ते धरून १८,००० येतात, मालकाच्या डोक्यात मात्र १२,०००. सहा हजारांचं भांडण तिथेच ठरलं. शिवाय ८.३३ टक्के म्हणजे वर्षाचा बारावा हिस्सा. मेहुणा ज्याला दिलदारी समजतो, तो नुसता कायद्याचा किमान आकडा आहे!

‘दिवाळीला’ हेही तसंच. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, गेल्या वर्षी ऑक्टोबरात होतं. मार्चअखेरच्या हिशेबाला मुदत आठ महिन्यांची, म्हणजे ३० नोव्हेंबर. आणि कुठल्या वर्षाचा बोनस ते न लिहिल्याने जूनमध्ये लागलेला पोरगाही पूर्ण पगाराची वाट बघत बसला.

‘मर्जी’बद्दल थोडं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. किमान बोनसच्या वरची बक्षिसी मालकाच्या हातात असते, तिला अट घालता येते. पण ती वेगळी लिहावी लागते. वर्षानुवर्षं त्याच दराने देत राहिलात, तर प्रथा झाली म्हणून कामगार हक्क सांगू शकतात.

नोटीस उतरवून शेवटी हे लावलं:

“२०२५-२६ या वर्षाचा बोनस: त्या वर्षात मिळालेला मूळ पगार अधिक महागाई भत्ता, कायद्याच्या मर्यादेपर्यंत, यावर ८.३३ टक्के. किमान ३० दिवस काम केलेल्या सर्व पात्र कामगारांना, सोडून गेलेल्यांसह, ५ नोव्हेंबर २०२६ पर्यंत बँक खात्यात. याव्यतिरिक्त फक्त या वर्षापुरती २,००० रुपये बक्षिसी. ती ५ नोव्हेंबरला कामावर असणाऱ्यांनाच.”

टर्नरचा खाते क्रमांक अजून चालू आहे का, ते मेहुणा आज विचारणार आहे.