बाळाच्या लाथा मोजण्यावर आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

"ताई, तुमची 'रोज दहा लाथा मोजा' पोस्ट वाचून माझ्या बहिणीची झोप उडालीये, बत्तिसावा आठवडा चालू आहे तिला. मोजल्याने बाळं वाचतात असं कुठल्याही मोठ्या अभ्यासात सिद्ध झालेलं नाही. आमच्या आयांनी काय वह्या घातल्या होत्या? शेवटी बाळाला जागा उरत नाही म्हणून ते कमी हलतंच, गार पाणी प्यायलं की हलतं परत. उगाच घाबरवू नका."

अभ्यासाचं तुमचं बरोबर आहे, आणि ते मी पोस्टमध्येच लिहायला हवं होतं. 2018 मध्ये लॅन्सेटमध्ये ब्रिटन-आयर्लंडचा अ‍ॅफर्म नावाचा अभ्यास आला, चार लाखांवर गरोदरपणं त्यात होती, बायकांना हालचालीबद्दल जागरूक करून आणि दवाखान्यांना ठरावीक पद्धत लावून देऊनही पोटातले मृत्यू म्हणावे तसे कमी झाले नाहीत, उलट सिझर आणि कळा आणायचं प्रमाण वाढलं. त्यामुळे ज्यांचं बाळ मजेत फिरतंय त्यांनी वही घेऊन बसायची सक्ती नाही. बहिणीलाही सांगा, वही ठेव बाजूला. पण रोज आकडा लिहिणं वेगळं आणि 'आज काहीतरी कमी वाटतंय' हे कळल्यावर हातावर हात ठेवून न बसणं वेगळं, माझं भांडण त्या दुसऱ्यासाठी आहे.

जागा उरत नाही हे मात्र पटत नाही मला. साधारण बत्तिसाव्या आठवड्यापर्यंत हालचाली वाढत जातात आणि मग तशाच राहतात, कळा सुरू होईपर्यंत. बदलतो तो प्रकार, ठोशा-लाथांऐवजी लोळल्यासारखं, पोटाची एक बाजू हळूच वर आल्यासारखं वाटतं. कमी झाल्या तर त्याला जागेचं कारण चिकटवू नका. (उचक्या मोजायच्या नाहीत हां, त्या एका तालात टकटक होतात त्या.)

आता माझ्या वहिनीचं सांगते. चौतिसावा आठवडा, बाळ रोज रात्री जेवणानंतर नऊच्या सुमाराला धिंगाणा घालणारं, आम्ही पोटावर वाटी ठेवली तर वाटी हलायची. एका रात्री वाटी गप्प. थोडं फिरलं असेल नसेल, तिलाच नक्की सांगता येईना. गार पाणी झालं, गूळ झाला, मग ती डाव्या कुशीवर झोपली, टीव्ही बंद, मोबाईल लांब, फक्त पोटाकडे लक्ष. दोन तासांत निदान दहा वेगवेगळ्या हालचाली जाणवायला हव्यात असा हिशोब, कारण बाळ एकावेळी वीस-चाळीस मिनिटं झोपतं, दीड तासापेक्षा जास्त सहसा नाही. साडेअकरापर्यंत चारच झाल्या. रात्रीच गेले, पोटाला पट्टे बांधून एनएसटी, म्हणजे बाळाच्या ठोक्यांची पट्टी काढली, ठोके हालचालीबरोबर छान वाढत होते, सगळं नॉर्मल, घरी पाठवलं. आणि मग जे बहुतेकींचं होतं तेच झालं, आठ दिवसांनी पुन्हा तसंच वाटलं आणि ती लाजून सकाळपर्यंत थांबायला निघाली, 'परत जाऊन हसतील मला'. दादानेच गाडी काढली. यावेळी पट्टीवर ठोके वाढतच नव्हते, सोनोग्राफीत पाणी कमी, बाळ वाढीतही मागे. त्याच रात्री सिझर, एक किलो नऊशे ग्रॅमची मुलगी.

एकदा नॉर्मल आलं म्हणून दुसऱ्या वेळचा अर्थ बदलत नाही, उलट पुन्हापुन्हा कमी होतंय तर जास्त नीट बघायला हवं, वाढ, पाणी, वारेचा रक्तप्रवाह. बाळाला ऑक्सिजन कमी पडला की ते आधी हातपाय हलवणं कमी करून ताकद वाचवतं, ठोके बऱ्याचदा नंतर बिघडतात. म्हणून घरचं डॉप्लर लावून 'ठोके आहेत ना' म्हणून झोपून जाऊ नका, त्यात तुमच्याच रक्तवाहिनीचा आवाज ऐकू येऊ शकतो.

ते दोन तास सुद्धा फक्त शंका असेल तेव्हाच हां. बाळ नेहमीपेक्षा सरळ सरळ कमी हलतंय किंवा अजिबातच हलत नाहीये, किंवा रक्त जातंय, किंवा पाणी गेलंय, तर मोजत बसायचं नाही, अपॉइंटमेंटची वाट नाही, गूळ-पाणी नाही, थेट प्रसूती विभाग, रात्री दोन वाजले असले तरी. तिथे 'पोटात बरं नाही' असं मोघम बोलू नका, 'बाळाची हालचाल कमी झालीये, सकाळपासून' असं वेळेसकट सांगा. 'उद्या या' म्हणाले तर आज तपासा म्हणून सांगा, नाहीतर दुसरीकडे जा. जाणाऱ्या बहुतेकींचं बाळ ठीकच निघतं, तेवढी एक खेप फुकट गेली तर जाऊ दे.

वार पुढच्या बाजूला असेल तर लाथा कमी जाणवतात, पण ते सुरुवातीपासूनचं असतं, आज अचानक कमी झालं त्याचं ते कारण नव्हे.

आणि हो, पोस्टचं शीर्षक बदललंय, 'रोज दहा लाथा मोजा' काढून 'तुमच्या बाळाची सवय ओळखा' केलंय. बहिणीला विचारा, तिचं कधी जास्त फिरतं?