मेडिकल टाकताय? मग पूर्ण नाव वाचू नका

सोलापुरात मेडिकल टाकायचं ठरवलंय म्हणता? चांगलं आहे. एखाद्या दवाखान्याखालचा गाळा धरा, चिठ्ठ्या आपोआप जिना उतरून येतील. सगळ्यात आधी सर्टिफिकेट लागेल, फार्मासिस्ट म्हणून नोंद असलेल्या माणसाचं. माणूस नको, सर्टिफिकेट पुरे. ते फ्रेम करून सिद्धेश्वराच्या फोटोशेजारी टांगा, महिन्याच्या महिन्याला भाडं पोचवा आणि तो सद्गृहस्थ सध्या पुण्यात काय करतो याची चौकशी करू नका. 1948 चा फार्मसी कायदा म्हणतो की चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं, आणि औषध नियम म्हणतात की ते त्याच्या देखरेखीखाली जायला हवं. तो फ्रेममधून दिवसभर काउंटरकडेच बघतोय. आणखी किती देखरेख करायची माणसानं?

आता काउंटरवर एक पोरगा उभा करा. त्याला एकच शिकवा: औषधाच्या नावाची पहिली दोन-चार अक्षरं वाचायची आणि हात कपाटाकडे. पूर्ण नाव वाचत बसलं की मागे रांग लागते, आणि रांगेतला माणूस समोरच्या दुकानात जातो.

ही पद्धत किती उत्तम चालते ते मी आमच्या आत्याच्या बाबतीत पाहिलंय. आत्याला आमवात, बोटांचे सांधे सुजतात. डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहिल्या. पहिली मेथोट्रेक्सेट 10 मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, सोमवारी, महिन्याच्या चार. दुसरी फोलिक ॲसिड 5 मिलिग्रॅम, सोमवार सोडून रोज, महिन्याच्या सव्वीस. पहिली गोळी भारी कामाची, पण त्रासदायक. शरीरातल्या फोलेट या जीवनसत्त्वाच्या कामात ती अडथळा आणते, म्हणून भराभर वाढणाऱ्या पेशींना, म्हणजे तोंडाच्या आतल्या त्वचेला आणि हाडाच्या मगजात तयार होणाऱ्या रक्ताला, तिचा फटका आधी बसतो. तो फटका कमी करायला दुसरी गोळी.

पोरानं पहिली बरोबर दिली. दुसऱ्या ओळीवर त्यानं 'फोलि' वाचलं आणि हात टाकला. गंमत अशी की मेथोट्रेक्सेटच्या एका ब्रँडचं नावही 'फोलि'नेच सुरू होतं, आणि तो 5 मिलिग्रॅममध्येही मिळतो. आकडा जुळला, अक्षरं जुळली, बारकी गोळी बारक्या गोळीला जुळली. पत्रिका जमवणाऱ्या गुरुजींनाही एवढे गुण मिळत नाहीत. म्हणजे ज्या औषधाचा त्रास कमी करायला दुसरी गोळी होती, तिच्या जागी तेच औषध आलं. आठवड्याला 10 जायचं तिथे सोमवारचे 10 आणि बाकी सहा दिवसांचे 30, असे 40 मिलिग्रॅम पोटात गेले. चौपट माल, आणि जास्तीच्या पैशाबद्दल कुणी कुरकुरही केली नाही.

यात तुमचा धंदा बिघडवणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे चिठ्ठी नीट वाचणं. पोरानं क्षणभर थांबून स्वतःला विचारलं असतं की एका माणसाला एकच औषध दोन ओळींत, एकदा आठवड्याला आणि एकदा रोज, कोण लिहील, तर सगळं मुसळ केरात. मेथोट्रेक्सेटच्या 5 मिलिग्रॅमच्या सव्वीस गोळ्या, रोज एक अशा, सांधेदुखीच्या पेशंटला कुणी देत नाही. आकडाच ओरडत होता. शिवाय दोन्ही पट्ट्यांवर ब्रँडबरोबर औषधाचं मूळ नावही असतं. त्या शेजारी शेजारी धरल्या असत्या तर दोन्हीकडे एकच नाव दिसलं असतं. म्हणून पट्ट्या कधीही शेजारी धरू नका. खाकी पाकिटात घाला, वर पेनानं '1' काढा, आणि "सकाळी एक, मावशी" म्हणून मोकळे व्हा. आठवड्याची गोळी कुठली आणि कोणत्या वारी, हे पेशंटकडून एकदा वदवून घेतात म्हणे काही जुने फार्मासिस्ट. त्यांना वेळ बराच असावा.

सहाव्या दिवशी आत्याचं तोंड आलं. आम्हाला कळलं ते शेंगाच्या चटणीमुळे. तिनं कडक भाकरीवर चटणी घेतली, पहिला घास तोंडात घातला आणि ताट बाजूला सारलं. सोलापूरच्या बाईनं शेंगाची चटणी नाकारली, तेव्हाच आम्ही रिक्षा बोलवायला हवी होती. आम्ही मात्र उष्णता झाली म्हणून त्याच दुकानातून बी-कॉम्प्लेक्स आणलं. (चुकीवर गिऱ्हाईक दुप्पट होतं ते असं.) दहाव्या दिवशी ताप. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी 1,500. त्या चार हजारांच्या वर हव्यात. डॉक्टरांनी पट्ट्या मागवल्या, चष्मा कपाळावर ढकलून दोन्ही शेजारी धरल्या आणि काही न बोलता भरतीचा कागद लिहायला घेतला. गोळी बंद, तिच्यावरचा उतारा म्हणून ल्युकोव्होरिनची इंजेक्शनं सुरू. अकरा दिवसांनी आत्या घरी आली. नशीब तिचं, आणि त्याहून जास्त तुमचं.

कुणी कायद्याची भीती घातलीच तर डॉक्टरच्या अक्षराकडे बोट दाखवायचं. फक्त त्या प्रेंडरगास्ट खटल्याचा विषय निघू देऊ नका. इंग्लंडमधला आहे, 1980 च्या दशकातला. डॉक्टरनं अमॉक्सिल हे अँटिबायोटिक लिहिलं होतं, अक्षर गिचमिड. फार्मासिस्टनं ते डाओनिल, म्हणजे साखर उतरवणारी गोळी, असं वाचलं. पेशंटला मधुमेह नव्हता; साखर एवढी उतरली की मेंदूला कायमची इजा झाली. अक्षर वाईट होतं हे कोर्टानं मानलं. पण चिठ्ठीवर 250 मिलिग्रॅम होतं, दिवसातून तीनदा होतं, एकवीस गोळ्या होत्या. डाओनिल असं कोणी लिहीत नाही. वर पेशंटनं औषधाचे पैसे दिले होते, आणि तिकडे मधुमेह्यांना औषध फुकट मिळतं. इतक्या खुणा समोर असताना डॉक्टरला एक फोन करायला काय झालं होतं, असा कोर्टाचा रोख. जबाबदारी वाटली ती डॉक्टरवर 25 टक्के आणि औषध देणाऱ्यावर 75. वाईट अक्षर लिहिणाऱ्यापेक्षा ते धडाधड वाचणारा तिप्पट महाग पडला.

आपल्याकडे चिंता नाही, कारण आपण बिल देत नाही. बिल मागणाऱ्याकडे "एवढ्याशा गोळ्यांचं काय बिल" अशा नजरेनं बघायचं. पट्टी कापतानाही बॅच नंबरची बाजू आपल्याकडे राहील अशी कात्री चालवायची. आत्याच्या तिसऱ्या पट्टीतल्या सहा गोळ्या तशाच आल्या होत्या, नाव नाही, तारीख नाही.

आत्या घरी आल्यावर मी उरलेल्या अठरा गोळ्या आणि ती चिठ्ठी घेऊन दुकानात गेलो. मालक नव्हते, फ्रेममधले होते. गोळ्या काउंटरवर मांडल्या आणि म्हटलं, "हे बघ, काय दिलंस ते." पोरानं पट्ट्या उलट्यासुलट्या केल्या, कापलेल्या सहा गोळ्या बाजूला काढल्या आणि माझ्याकडे परत सरकवल्या.

"कापलेला माल रिटर्न होत नाही, मालक. बाकीच्या बारा घेतो."