कोरियात लढले की!

"अणुबॉम्बच्या धाकाने अमेरिका आणि रशिया थेट लढले नाहीत. विषय संपला," सुहासने निकाल लावून टाकला.

"मग कोरियाच्या युद्धाचं काय?" नंदू म्हणाला. "नोव्हेंबर १९५० पासून सोव्हिएत वैमानिक मिग-१५ लढाऊ विमानं घेऊन अमेरिकन विमानं पाडत होते. २३ ऑक्टोबर १९५१ ला अमेरिकेच्या बी-२९ बॉम्बर्सची अशी दाणादाण उडवली, की त्यानंतर ती रात्रीच पाठवायला लागले."

"तरी महायुद्ध पेटलं नाही?"

"दोघांनीही झाकलं ना! स्टॅलिनने वैमानिकांना चिनी गणवेश चढवले, विमानांवर चिनी-कोरियन खुणा रंगवल्या. समुद्रावर उडायचं नाही, आघाडीजवळ फिरकायचं नाही, कारण जिवंत हाती लागलेला एकच रशियन म्हणजे धडधडीत पुरावा. रेडिओवरही रशियन बोलायची बंदी. पण मागे अमेरिकेचं सेबर लढाऊ विमान लागल्यावर परकी भाषा आठवतेय कुणाला? सगळे रशियनमध्येच ओरडायचे, आणि अमेरिकन ते ऐकत होते."

"ऐकून गप्प बसले?" प्राचीने विचारलं.

"बसले. जाहीर केलं असतं तर रशियाला धडा शिकवा म्हणून देशात गदारोळ झाला असता. यालू नदीपलीकडे चीनमध्ये मिगचे विमानतळ होते, पण त्यांच्यावर बॉम्ब टाकायला अमेरिकन वैमानिकांना मनाई होती."

"म्हणजे शेवटी बॉम्बचीच भीती," सुहास हटेना.

"तेव्हा? रशियाची पहिली अणुचाचणी ऑगस्ट १९४९ ची. हाताशी मोजके बॉम्ब, अमेरिकेवर टाकून परत येईल असं विमान नाही. खरी धास्ती होती ती युद्ध युरोपात पसरण्याची. तू म्हणतोस तो धाक पुढचा, क्षेपणास्त्रं आल्यानंतरचा."

प्राचीने गाडी अफगाणिस्तानकडे वळवली. "तिथे सोव्हिएत फौजांशी लढणाऱ्या मुजाहिदांना शस्त्रं पुरवताना अमेरिकेने झाकपाक जास्त नीट केली. सीआयए आधी मुद्दाम सोव्हिएत धाटणीची शस्त्रं घ्यायची, इजिप्तकडून, चीनकडून. मुजाहिदाच्या खांद्यावर कलाश्निकोव्ह दिसली तर रशियनांकडूनच लुटली म्हणायची सोय. माल कराची बंदरात उतरला की आयएसआयच्या ताब्यात. तिथून पेशावर, तिथून मुजाहिदांच्या पक्षांना वाटप."

"आणि खांद्यावरून डागायचं विमानविरोधी स्टिंगर क्षेपणास्त्र? ते तर उघड अमेरिकन."

"म्हणूनच ते द्यायला १९८६ उजाडलं. सप्टेंबरमध्ये जलालाबादजवळ पहिली हेलिकॉप्टरं पडली. तरीही डागणारा अमेरिकन नव्हता. अमेरिकनांनी पाकिस्तानी प्रशिक्षक तयार केले, त्यांनी मुजाहिदांना शिकवलं. मॉस्कोला ठाऊक होतं, पण युद्ध पुकारायला हाती अमेरिकन माणूस लागला नाही."

"छान जमलं की मग!"

"कसलं छान? वाटप आयएसआयच्या हातात, त्यामुळे सगळ्यात मोठा वाटा मुजाहिद नेता हिकमतयारला. तो अमेरिकेला जाहीर शिव्या घालायचा. पैसा वॉशिंग्टनचा आणि सौदीचा, पण कुणाला किती द्यायचं ते रावळपिंडीतलं पाकिस्तानी लष्कर ठरवणार. सोव्हिएत फौजा गेल्यावर उरलेली स्टिंगर परत मिळवायला सीआयएला बाजारात उतरून पैसे मोजावे लागले, आणि सगळी तरी कुठे मिळाली?"