बाळाचा एक्झिमा, आईचं पथ्य आणि मलमाची भीती

«बाळाचा एक्झिमा म्हणजे पोटातली ॲलर्जी. आईने दूध-अंडं सोडलं की आठवड्यात जातो. तोवर रोज आंघोळ घालू नका, आणि स्टिरॉइडच्या मलमाला तर हातही लावू नका, कातडी पातळ होते.»

असा सल्ला तुम्हालाही मिळाला असेल. आधी त्यातलं आठवड्याचं बघू. एक्झिमा मुळातच चढतो आणि उतरतो. पथ्य सुरू होतं ते चट्टे सगळ्यात वाईट दिसत असताना, आणि त्यानंतर ते बहुधा काहीसे उतरतातच, दूध सोडा की सोडू नका. श्रेय पथ्याला मिळतं. पुढच्या वेळी पुरळ आलं की मग आई गहूही सोडते.

मूळ दोष त्वचेत असतो. तिचा वरचा थर पाणी धरून ठेवत नाही आणि बाहेरचं आत येऊ देतो. काही बाळांना खाण्याची ॲलर्जी खरंच असते, पण तिच्या खुणा वेगळ्या. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोनेक तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात किंवा उलट्या होतात. किंवा नीट उपचार करूनही एक्झिमा आटोक्यात येत नाही, शौचात रक्त दिसतं, वजन वाढत नाही. असं काही असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो पदार्थ काही आठवडे बंद करतात आणि मग मुद्दाम पुन्हा सुरू करून पाहतात. ही दुसरी पायरी गाळली तर काहीच सिद्ध होत नाही. शिवाय एक्झिमा असलेल्या बाळाचा एखादा पदार्थ विनाकारण बराच काळ तोडला, तर तो परत देताना तीव्र ॲलर्जी उठण्याचा धोका असतो.

चट्टे कशाने भडकतात याचा माग बहुतेकदा त्यांच्या जागेवरूनच लागतो. समजा, पाच महिन्यांचं बाळ आहे. हनुवटी आणि गाल खरखरीत, लालसर. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, तिथे तपकिरी-जांभळट छटा आणि बोटांना लागणारा खरखरीतपणा बघायचा. डायपरखालची त्वचा मात्र मऊ. पोटातून काही येत असेल तर ते नेमकं हनुवटीवरच का थांबेल? या वयात लाळ गळते, आणि ती दिवसभर ओल्या वाइप्सने पुसली जाते. म्हणून वाइप्स बंद करायचे. साध्या पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने टिपायचं, घासायचं नाही, आणि दर पाजण्याआधी हनुवटी-गालांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यायचा. दोन आठवडे दुसरं काहीही बदलायचं नाही. साबण, कपडे आणि खाणं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही. मानेच्या वळ्यांत चट्टे असतील तर घाम आणि ओघळलेलं दूध तपासा. हातापायांच्या बाहेरच्या बाजूला असतील तर लोकर, खरबरीत कापड, कपड्यांत राहिलेला डिटर्जंट.

रोजची आंघोळ चालते, उलट तिने घाम, लाळ, खपल्या निघतात. बिघडतं ते गरम पाणी, फेसाळ साबण आणि नंतरच्या दिरंगाईमुळे. कोमट पाणी, पाच ते दहा मिनिटं, सुगंध नसलेला सौम्य क्लेन्झर आणि तोही मळलेल्या जागीच. टॉवेलने टिपून अंग दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, बिनवासाचं घट्ट मॉइश्चरायझर लावा. संध्याकाळी आंघोळीशिवाय पुन्हा एकदा. सर्वांगाला लावायचं तर आठवड्याला निदान 100 ग्रॅम लागतं. छोटी ट्यूब महिनाभर पुरत असेल तर हात आखडता आहे. ऑलिव्ह तेल हा पर्याय नव्हे, ते त्वचेचा थर आणखी सैल करतं.

मलमाची भीती पूर्णपणे निराधार नाही: तीव्र स्टिरॉइड महिनोन्‌महिने चेहऱ्यावर चोपडलं तर कातडी पातळ होते. पण बाळाच्या चेहऱ्यासाठी सहसा सौम्य, 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोन देतात, तेही मोजक्या दिवसांसाठी. माप सोपं आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली मलमाची रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि ती मोठ्या माणसाच्या, बोटांसकट, दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. डॉक्टरांनी सांगितलं असेल तसं दिवसातून एकदा किंवा दोनदा, फक्त चट्ट्यांवर. मलम आणि मॉइश्चरायझर यांच्यामध्ये थोडा वेळ जाऊ द्यायचा. नेहमीची चूक म्हणजे जरा लाली उतरली की दुसऱ्याच दिवशी थांबणं. त्वचा बोटांना गुळगुळीत लागेपर्यंत लावा, त्यानंतर साधारण दोन दिवस आणखी. बरं झाल्यावर उरणारे फिकट डाग बहुतेकदा सुजेचे असतात, मलमाचे नव्हेत. रंग हळूहळू परत येतो.

आठवड्याभरात उतार नसेल, किंवा चट्टे पाझरून पिवळ्या खपल्या धरल्या तर जंतुसंसर्ग असू शकतो, दाखवून घ्या. एकसारख्या आकाराचे दुखरे फोड किंवा टोचल्यासारखे खड्डे घोळक्याने उठले, सोबत ताप असला, तर तो हर्पिसचा संसर्ग असू शकतो. मग त्याच दिवशी रुग्णालय गाठा.