कडेची उकळी

काल रात्री नाक्यावरच्या बंद दुकानाच्या पायरीवर विषय निघाला तो मन्याच्या पोळलेल्या जिभेमुळे. आदल्या दिवशीची मसूरची आमटी त्याने मायक्रोवेव्हमध्ये गरम केली; पहिल्या घासाला जीभ भाजली आणि दुसरा घास फ्रिजसारखा गार.

"कडेला खदखदत होती रे!" मन्या.

"भांडं कसलं होतं?" सुहासने विचारलं. तो केटरिंगच्या धंद्यात आहे, त्यामुळे त्याचा प्रश्न तपासणीसारखा वाटतो.

"खोल बाऊल. काठोकाठ. दोन मिनिटं."

"मग दोष यंत्राचा नाही. त्या लहरी अन्नात जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर शिरतात. मधल्या भागाला ऊब मिळते ती कडेकडून, हळूहळू. पसरट भांडं घे, वर सैल झाकण ठेव आणि एक मिनिट झालं की काढून ढवळ. मग पुन्हा एक मिनिट, पुन्हा ढवळ. वाफ मधूनही निघायला लागली की झाकून मिनिटभर तशीच ठेव."

"एवढा उपद्व्याप कशाला? गॅसवर उकळी डोळ्यांना दिसते," नंद्या म्हणाला.

इथे मी मध्ये पडलो, कारण गॅसवर मी स्वतः फसलोय. फ्रिजमधली तुरीची डाळ गोळ्यासारखी घट्ट झाली होती. तळाशी वाफ कोंडून फट् फट् बुडबुडे फुटायला लागले, ओट्यावर शिंतोडे उडाले, आणि मी 'आली उकळी' म्हणून गॅस बंद केला. मधला गोळा गारच, आणि तळ लागलेला. तेव्हापासून आधी अर्धी वाटी पाणी घालतो, गोळा डावाने फोडतो, आच मंद ठेवतो आणि तळापासून ढवळतो. ढवळल्यावर उकळी मोडली तर ती खोटी. ढवळत असतानाही सगळीकडून उसळत राहिली तर खरी.

"आमच्याकडे मध्यभागी थर्मामीटर खुपसतात," सुहास म्हणाला. "74 अंश सेल्सिअस दिसल्याशिवाय वाढायचं नाही. तुझी न मोडणारी उकळी म्हणजे त्याचाच घरगुती प्रकार."

नंद्याला लगेच फट सापडली. "म्हणजे खरी उकळी आणली की रात्रभर ओट्यावर राहिलेलं वरणही चालेल?"

"नाही चालणार," सुहास म्हणाला. "उकळीने जिवंत जंतू मरतात, पण काहींचे बीजाणू तग धरतात. मोठं पातेलं कोमट राहिलं की ते जागे होतात आणि वाढतात. काही जंतू विष सोडून ठेवतात, ते उकळूनही जात नाही. शिजल्यापासून दोन तासांच्या आत लहान, उथळ भांड्यांत काढून फ्रिजमध्ये टाकलेलं असेल तरच हे ढवळणं-उकळणं कामाचं."

"आमची आजी आयुष्यभर दोन वेळा उकळून खात आली," नंद्या म्हणाला. तो काही पटलेला दिसला नाही.

मन्या मात्र गप्प झाला होता. मग हळूच म्हणाला, "माझ्या त्या बाऊलमधली उरलेली आमटी... ती दुपारपासून टेबलावरच आहे."

कुणी काही बोलेना. सुहासने फक्त घड्याळाकडे पाहिलं. साडेनऊ वाजले होते.