मनापासून जळावं कसं?

आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचमधल्या एकाने बेंगळुरूला नवी नोकरी धरली. लिंक्डइनवर पोस्ट पडली, ग्रुपवर कुणीतरी आकडा फोडला: चाळीस लाख. तेव्हापासून रोज कोणी ना कोणी मला फोन करून विचारतं, "आपलं काय चुकलं रे?" म्हणून एकदाच लिहून ठेवतो. नीट जळायचं असेल तर असं जळा.

लिंक्डइन रात्री झोपण्याआधीच उघडा. सकाळी डोकं ताजं असतं, त्यात मजा नाही.

पोस्टखाली 'अभिनंदन भावा!' लिहा आणि पुढचा अर्धा तास त्याची कॉलेजातली केटी आठवा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याचा सीटीसी आणि तुमच्या खात्यात जमा होणारा पगार यांचीच तुलना करा. चाळीस भागिले बारा, म्हणजे महिन्याला सव्वातीन लाखांच्या वर! आत काय आहे ते अजिबात विचारू नका. समजा त्यात मूळ पगार चोवीस लाख आहे, तीन लाख व्हेरिएबल, म्हणजे कंपनीची मर्जी. तीन लाख जॉइनिंग बोनस, तो एकदाच मिळतो आणि वर्षाच्या आत सोडलं तर बहुधा परत द्यावा लागतो. उरलेले दहा लाख म्हणजे चार वर्षांत मिळणाऱ्या चाळीस लाखांच्या शेअर्सचा एका वर्षाचा वाटा. तेही अनेक ठिकाणी पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत शून्य. 2025-26 च्या नव्या कररचनेत चोवीस लाखांवर जवळपास तीन लाख टॅक्स जातो. पीएफ वगैरे कापून महिन्याला पावणेदोन लाखांच्या आतच हातात येतात, त्यातून बेंगळुरूचं घरभाडं आणि डिपॉझिट. इंजिनिअर झालात, आणि साधा भागाकार करताना भाज्य कशाचं बनलंय ते बघता येत नाही?

तरीही तो तुमच्यापेक्षा जास्त कमावतो. हो, कमावतो! मग त्याचं प्रोफाइल खालपर्यंत वाचा ना. कधी वाचलंय? 2019 ला तो तुमच्यासारखाच मॅन्युअल टेस्टिंगला होता. मग ऑटोमेशन, मग त्याच कंपनीत बॅकएंड टीम, मग एक छोटी कंपनी, आणि आता ही. मधल्या पायऱ्यांच्या पोस्ट कुणी टाकत नाही, म्हणून तुम्हाला शेवटचीच दिसते.

आधी ठरवा, नेमकं काय खुपतंय: पैसा, काम, की शहर? पैसा असेल तर कदाचित आहे तेच काम दुसऱ्या कंपनीत करून भागेल. काम खुपत असेल तर त्या पदाच्या दहा जाहिराती काढा, सहा-सातांत परत परत येणारी आणि तुम्हाला न येणारी एकच गोष्ट उचला, आणि आधी आहे त्या प्रोजेक्टमध्ये ती करायला मागा. आणि त्यालाच मेसेज करा: "टेस्टिंगमधून बॅकएंडला गेलास तेव्हा मॅनेजरला काय करून दाखवलंस?" एवढंच. "गायडन्स दे ना भावा" लिहिलंत तर तो उत्तर देणार नाही, आणि बरोबरच करेल.