रेपो वाढला, तरी रुपया घसरला: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया (एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव): "आपल्या लेखात म्हटले आहे की देशातले व्याजदर वाढले की बाहेरचा पैसा येतो, रुपया वधारतो आणि निर्यात मार खाते. 2022 मध्ये रेपो 4 वरून 6.25 झाला आणि डॉलर 74 वरून 82 च्या पुढे गेला. म्हणजे अगदी उलट. बरे, रुपया घसरला म्हणून आम्हा फौंड्रीवाल्यांची निर्यात वाढली का? तीही नाही. मग हा सिद्धांत परीक्षेत लिहिण्यापुरताच आहे का?"

सप्रेम नमस्कार,

आपले आकडे बरोबर आहेत. त्यांतून आपण काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही, कारण त्या वर्षी हललेला दुसरा व्याजदर आपल्या हिशेबात आलेलाच नाही. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचा दर 2022 च्या सुरुवातीला शून्य ते पाव टक्का होता आणि डिसेंबरअखेर तो सव्वाचार ते साडेचार टक्के झाला. रिझर्व्ह बँकेने रेपोत, म्हणजे बँकांना ती ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देते त्यात, सव्वादोन टक्के वाढ केली त्याच काळात फेडने सव्वाचार टक्के केली. बाहेरून येणारा पैसा आपला दर एकटा पाहत नाही, दोन दरांतले अंतर पाहतो. ते अंतर जानेवारीत पावणेचार टक्के होते आणि डिसेंबरात पावणेदोन उरले होते. त्या अर्थाने 2022 हे भारतातील व्याजदर तुलनेने घटल्याचे वर्ष होते, जरी आपल्या कॅश क्रेडिटच्या व्याजावर त्याचा परिणाम नेमका उलटा दिसला असला तरी.

हे अंतर विनिमय दरापर्यंत कसे पोहोचते ते एका उदाहरणाने पाहू. यातील आकडे सोयीसाठी गृहीत धरलेले आहेत. समजा, एका गुंतवणूकदाराकडे एक लाख डॉलर आहेत, डॉलर 80 रुपयांना आहे, भारतात एक वर्षाच्या रोख्यावर 7 टक्के आणि अमेरिकेत 5 टक्के मिळतात. पैसे अमेरिकेतच ठेवले तर वर्षअखेर 1,05,000 डॉलर होतील. भारतात आणले तर 80 लाख रुपयांचे 85 लाख 60 हजार होतील, पण त्याला शेवटी डॉलरच हवे आहेत. म्हणून 85 लाख 60 हजाराला 1,05,000 ने भागावे लागते आणि उत्तर 81.52 येते. वर्षभराने डॉलर 81.52 च्या खाली राहिला तर भारतात येणे फायद्याचे, वर गेला तर तोट्याचे. दोन टक्क्यांच्या आकर्षणाला रुपयाच्या सुमारे दोन टक्के घसरणीची भीती बरोबर तोलून धरते. बँका फॉरवर्डचा भाव, म्हणजे पुढच्या तारखेच्या डॉलरचा आजच ठरणारा भाव, याच हिशेबाने देतात, त्यामुळे आपण तो रोज पाहत असणारच.

आता भारतातला दर 7 वरून 8 झाला, अमेरिकेतला 5 च राहिला आणि वर्षभरानंतरच्या डॉलरबद्दल बाजाराचा अंदाज 81.52 चाच राहिला, असे धरू. मग 80 च्या भावाने भारतात येणाऱ्याला फुकटचा फायदा दिसू लागतो, डॉलर विकणाऱ्यांची गर्दी होते आणि आजचा भाव 79.26 पर्यंत उतरतो, कारण त्या भावालाच दोन्ही बाजूंचा परतावा पुन्हा जुळतो. माझ्या लेखातले विधान याच पायरीबद्दल होते. पण यात एक गोष्ट सहज निसटते. रुपया आज वधारतो तो पुढे वर्षभर हळूहळू घसरण्यासाठी. 79.26 वरून 81.52 कडे जाणारा हा उतार जास्त व्याजाची किंमत म्हणून आधीच मोजलेला असतो. दर वाढल्यापासून रुपया सतत मजबूत होत राहील असे सिद्धांत कुठेच सांगत नाही.

आपल्या प्रश्नाचे उत्तरही याच उदाहरणात आहे. भारतातला दर 8 झाला आणि त्याच सुमारास अमेरिकेतला 5 वरून 7 झाला, तर आजचा भाव 80.77 येतो. आपण दर वाढवला, तरीही रुपया घसरला. 2022 ची गोष्ट साधारण अशीच आहे, फक्त तिच्यात युक्रेनच्या युद्धाने भडकलेल्या कच्च्या तेलाचे बिल आणि शेअर बाजारातून बाहेर पडलेला परदेशी पैसा यांची भर पडली होती. शेअर बाजाराचा उल्लेख मुद्दाम करतो आहे. आपल्याकडे येणाऱ्या परदेशी पैशाचा मोठा भाग रोख्यांत न जाता शेअरमध्ये जातो. दर वाढले की कंपन्यांच्या भावी नफ्याचे आजचे मूल्य घटते, त्यामुळे शेअरमधल्या पैशाला दरवाढ आकर्षित करील याची खात्री नसते. पाठ्यपुस्तकातला गुंतवणूकदार रोखे घेतो, आपल्याकडचा बहुतेक वेळा शेअर घेतो. केवळ रेपोवर भिस्त ठेवून भागणार नाही हे रिझर्व्ह बँकेलाही दिसत असावे. 6 जुलै 2022 रोजी तिने अनिवासी भारतीयांच्या परकीय चलनातील एफसीएनआर आणि रुपयातील एनआरई या नव्या ठेवींवरील व्याजाची मर्यादा काही महिन्यांपुरती उठवली आणि कंपन्यांना परदेशातून घेता येणाऱ्या कर्जाची वार्षिक मर्यादा 75 कोटी डॉलरवरून 150 कोटी डॉलर केली.

या गणिताची खरी मर्यादा वेगळीच आहे, आणि आपण तिच्यावर बोट ठेवले असते तर मला उत्तर देणे अधिक कठीण गेले असते. मी वर्षभरानंतरचा अंदाज स्थिर धरला आहे. दरवाढीमुळेच बाजार बिथरला आणि अंदाज 81.52 वरून 84 वर गेला, तर अमेरिकेत 5 आणि आपल्याकडे 8 असतानाही आजचा भाव 81.67 निघतो. एक टक्क्याची दरवाढ बिघडलेल्या अंदाजाखाली बुडून जाते. जुलै 2013 मध्ये हे प्रत्यक्ष पाहायला मिळाले. फेड रोखेखरेदी आवरती घेणार या वार्तेने रुपया खचत असताना रिझर्व्ह बँकेने 15 जुलैला बँकांसाठीचा आपत्कालीन कर्जाचा दर, म्हणजे एमएसएफ, 8.25 वरून एकदम 10.25 टक्के केला. डॉलर तेव्हा 60 च्या आसपास होता. 28 ऑगस्टला तो 68 च्या पुढे गेला. सावरला तो सप्टेंबरात, बँकांनी आणलेल्या एफसीएनआर ठेवींसाठी स्वस्त स्वॅपची, म्हणजे त्या डॉलरचे रुपये घेऊन ठरल्या भावाने पुढे डॉलर परत मिळण्याची, खिडकी उघडल्यावर आणि फेडने आपला निर्णय लांबणीवर टाकल्यावर. दरवाढ आत्मविश्वासातून आली की घाबरून, हे बाजार ओळखतो आणि त्यानुसार अंदाज बदलतो.

आता निर्यातीकडे येतो, कारण आपली मुख्य तक्रार तीच आहे असे मला वाटते. आपले बिल कोणत्या चलनात निघते हे आपण लिहिलेले नाही. उद्यमबाग, मच्छे परिसरात हायड्रॉलिकचे भाग आणि मशीनिंग केलेली कास्टिंग युरोपला पाठवणारे कारखाने आहेत आणि त्यांचे इन्व्हॉइस बहुधा युरोत असतात. त्या वर्षी सप्टेंबरपर्यंत डॉलरपुढे रुपया घसरला, पण युरो त्याहून अधिक घसरला. उन्हाळ्यानंतर तो चक्क एका डॉलरच्याही खाली गेला. जानेवारी 2022 मध्ये युरो सुमारे 84 रुपये होता, सप्टेंबरअखेर तो 79 च्या आसपास आला. 10 युरोच्या एका नगाचे जानेवारीत 840 रुपये मिळत होते, तर सप्टेंबरात 790. जर्मनीला माल देणाऱ्यासाठी रुपया त्या नऊ महिन्यांत सुमारे सहा टक्क्यांनी महाग झाला होता. वर्तमानपत्रात रोज डॉलरचा भाव छापून येतो म्हणून "रुपया घसरला" ही बातमी सर्वांसाठी एकच असल्यासारखी वाटते. त्यातच युरोपात गॅसचे भाव कडाडल्याने तिकडचे ग्राहकच हात आखडून बसले होते. भाव अनुकूल असला तरी ऑर्डर वाढली नसती.

डॉलरमध्ये बिल काढणाऱ्यांनाही फार आनंद झाला नसेल, आणि त्याचे कारण पुन्हा त्याच अंतरात आहे. निर्यातदार डॉलर पुढच्या तारखेला विकतो तेव्हा त्याला आजच्या भावावर प्रीमियम मिळतो, आणि तो प्रीमियम म्हणजे वर सांगितलेला दोन व्याजदरांतला फरक. वर्षाच्या सुरुवातीला एक वर्षाचा प्रीमियम साडेचार टक्क्यांच्या आसपास होता, वर्षअखेर तो दोन टक्क्यांच्या आसपास आला. 80 रुपयांच्या डॉलरवर हा प्रीमियम 3 रुपये 60 पैशांवरून 1 रुपया 60 पैशांवर आला असे म्हणता येईल. ज्यांनी जानेवारीत वर्षभराचे फॉरवर्ड कव्हर घेऊन ठेवले होते, त्यांना 78 च्या आसपासचा भाव आधीच बांधला गेला होता आणि 82 चा लाभ त्यांच्या वाट्याला आलाच नाही. बेळगाव काय किंवा सीमेपलीकडचे शिरोली काय, फौंड्रीवाल्यांना हा हिशेब सारखाच लागू होतो.

दरवाढीचा दुसरा रस्ता विनिमय दरातून जातच नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची नवी कर्जे ऑक्टोबर 2019 पासून बाह्य मापदंडाशी, बहुतेक बँकांत रेपोशीच, जोडलेली आहेत. म्हणून 50 लाखांच्या कॅश क्रेडिटवर सव्वादोन टक्के वाढ म्हणजे वर्षाला 1,12,500 रुपये जादा व्याज, आणि तेही काही महिन्यांतच. युरोपचा ग्राहक 90 दिवसांनी पैसे देतो. त्या दिवसांचे व्याज निर्यातदारानेच सोसायचे असते आणि वार्षिक कराराचा भाव मध्येच वाढवून मागता येत नाही. निर्यात मार खाते असे मी लिहिले तेव्हा त्यात हा खर्चही धरलेला होता.

राहिली निव्वळ निर्यात, म्हणजे निर्यात वजा आयात. तिचा हिशेब आपल्या एका कारखान्यावरून लागत नाही, कारण त्यात वजा होणारी बाजूही हलते. दर वाढले की देशातली खरेदी मंदावते, नव्या सीएनसी मशीनची ऑर्डर पुढे ढकलली जाते आणि आयात घटते. रुपया वधारला असेल तर तीच मशीन स्वस्त पडून आयात वाढते. या दोन ओढींपैकी कोणती जिंकेल हे आधी सांगता येत नाही. भावाचा परिणाम मुरायला तिमाही-वार्षिक करार संपेपर्यंत वेळ लागतो, तर मागणीचा परिणाम त्याआधी दिसू लागतो. 2022 मध्ये आयातीचे बिल फुगले ते मुख्यतः तेल आणि कोळशाच्या भावाने, आणि कोळसा तर आपल्या पिग आयर्नच्या किमतीतही येतो.

आपल्या वहीतून 2022-23 ची तीन-चार मोठी बिले काढून त्यांचे चलन, कव्हर घेतल्याची तारीख आणि प्रत्यक्ष हातात आलेला भाव शेजारी-शेजारी मांडून पाहावेत, अशी विनंती आहे. माझ्या अंदाजाप्रमाणे सप्टेंबर 2022 पर्यंतच्या युरोच्या बिलांत रुपया वधारलेला दिसेल. तसा तो दिसला नाही, तर आकडे इथेच प्रतिक्रियेत लिहावेत, म्हणजे त्या बिलांवरच पुढचे बोलता येईल.